उजळणीचा पटावरचा खेळ: चुकलेल्या उत्तरातूनही पोरं काही शिकतील असा कसा करावा?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. वर्गात ५८ पोरं, तास ३५ मिनिटांचा. नववीचा धाराविद्युतचा धडा दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' शिकवताना पुन्हा लागतोच, म्हणून त्याच्या उजळणीसाठी पटावरचा खेळ करतोय. तीनदा केला, तिन्ही वेळा फसलो. कसा फसलो ते सांगतो.

पहिला खेळ सापशिडीचा. उत्तर बरोबर तर शिडी, चूक तर साप. पोरं खूश, मीही खूश. तास संपल्यावर एकाला विचारलं, तू सापाच्या तोंडी का गेलास? म्हणे, "सर, ब होतं, मी अ म्हटलं." प्रश्न काय होता ते त्याला आठवेना. साप चावला एवढंच लक्षात.

दुसऱ्या खेळात चुकणाऱ्याला खुलाशाचं कार्ड द्यायचं ठरवलं. मी रात्री जागून सुवाच्य अक्षरात चाळीस कार्डं लिहिली. ती कोणीही वाचली नाहीत. कार्ड घ्यायचं, गठ्ठ्याखाली सरकवायचं आणि फासा मागायचा.

मग तिसऱ्या खेळात कार्ड मोठ्याने वाचलं की दोन चिंचोके बक्षीस ठेवले. दहा मिनिटांत मागच्या बाकावरच्या टोळीला शोध लागला की बरोबर उत्तराला एक चिंचोका आणि चुकून कार्ड वाचलं तर दोन. त्या दिवशी माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी मुद्दाम चुकत होती.

तर प्रश्न असा: चुकीची शिक्षाही नको, चुकीचा फायदाही नको, आणि तरी चुकीतून काही शिकता आलं पाहिजे. कोणी असं काही केलंय का?

भरीत_आणि_पुरी

त्या पोरीला थेट राजकारणात पाठवा. नियम वाचून त्यातली फट शोधणारी माणसं खान्देशला हवीच आहेत.

शिरपूरची_आई

माझा मुलगा सातवीत आहे. मोबाईल फार बघतो. असा सायन्सचा रेडीमेड गेम कुठे मिळतो आणि साधारण कितीला? जळगावात मिळेल का? मराठी मीडियम आहे.

तापीकाठ

ताई, हा विकतचा नाही, आम्हीच बनवतोय. नीट जमला तर पट इथेच देईन.

निवृत्त_बाई_धुळे

मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. दुखऱ्या जागेवर बोट ठेवते, राग मानू नका. तुमच्या तिन्ही खेळांत चूक म्हणजे 'बरोबर नाही' एवढंच. पण पोरं शंभर तऱ्हांनी चुकत नाहीत, दोन-तीन ठरलेल्या तऱ्हांनीच चुकतात. आणि तुम्ही प्रत्येकाला एकच खुलासा देताय. ताप कशाचा ते न बघता सगळ्यांना एकच गोळी.

आधी एक करा. पर्याय न देता प्रश्न विचारा आणि कारण लिहून घ्या. मग त्या कागदांचे ढीग लावा. पर्याय तुमच्या डोक्यातून नको, त्या ढिगांतून घ्या.

अमळनेरचा_इंजिनिअर

बाईंना +१. पण माझ्या मते मुळात संकल्पनाच नीट सांगितली तर एवढा खटाटोप लागत नाही. करंट वापरला जात नाही, व्होल्टेज वापरलं जातं. एवढं एक वाक्य पाठ करून घ्या, निम्मे प्रश्न सुटतात.

भुसावळ_जंक्शन

पटावरच्या खेळांचा मला नाद आहे, नोकरी रेल्वेत. खेळाच्या बाजूने दोन गोष्टी.

एक, पाळीपाळीने खेळायचं बंद करा. हिशोब बघा. ३५ मिनिटांतली पाच मांडामांडीत आणि पाच आवराआवरीत गेली, उरली २५. एका पाळीला मिनिट धरलं आणि गटात पाच जण असले तर एका पोराच्या वाट्याला पाचच प्रश्न, आणि बाकीची वीस मिनिटं तो दुसऱ्याच्या फाशाकडे बघत बसतो. त्यापेक्षा प्रश्न एकदा वाचायचा, सगळ्यांनी आपापलं अ-ब-क-ड चं चिठोरं पालथं टाकायचं आणि एकदम उलटायचं. म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक प्रश्न मिळतो आणि हुशार पोराचं बघून उत्तर बदलता येत नाही.

दुसरं, फासा काढून टाका. फासा असला की पोरगं चुकीचं खापर नशिबावर फोडतं.

तापीकाठ

बाई, तुमचं ऐकून आज नववीच्या वर्गात प्रश्न टाकला. तीन सेल, दोन सारखे टॉर्चचे बल्ब एकसर जोडणीत. धन टोकाजवळचा क्ष, पुढचा य. कोणता जास्त उजळ, आणि का?

चार ढीग पडले.

पहिला ढीग सगळ्यात मोठा: क्ष जास्त उजळ, कारण धारा आधी त्याला मिळते आणि तो थोडी वापरून टाकतो. दुसरा छोटासा, पण मजेशीर: य जास्त उजळ, कारण इलेक्ट्रॉन ऋण टोकाकडून निघतात. म्हणजे पहिल्यासारखीच समजूत, फक्त उलट्या दिशेने! तिसरा: दोन्ही सारखे, कारण दोघांतून तीच धारा जाते. आणि चौथ्याने मी गार पडलो: दोन्ही सारखे, कारण धारा दोघांत अर्धी-अर्धी वाटली जाते.

चौथ्या ढिगातल्या पोरांना मी आजवर पूर्ण मार्क देत आलोय. कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

निवृत्त_बाई_धुळे

आता खेळ सुरू झाला बघा.

केळीवाला_रावेर

मी शिक्षक नाही, शेतकरी. पोरगी नववीत आहे म्हणून धागा वाचतोय. तुमचं ते पहिल्या ढिगाचं वाचून वाटलं की पोरं चुकली कुठे? आमच्या केळीत ठिबकची नळी टाकली की सुरुवातीच्या झाडाला पाणी जोरात आणि शेवटच्याला टिपूस. गावातही तेच. डीपीजवळच्या घरात बल्ब लख्ख, टोकाच्या घरात संध्याकाळी मिणमिणता. मग पुढच्या बल्बला कमी मिळणार असं पोर म्हणालं तर ते डोळ्यांनी बघितलेलंच सांगतंय ना?

तापीकाठ

भाऊ, तुम्ही माझी झोप उडवली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

निवृत्त_बाई_धुळे

केळीवाले भाऊंचं म्हणणं मोलाचं आहे, पण ती जोडणी वेगळी. ठिबकच्या नळीतून प्रत्येक झाडापाशी पाणी *बाहेर पडतं*. दहा झाडं झाली की नळीत दहा झाडांचं पाणी कमी. गावाच्या लाईनचंही तसंच: प्रत्येक घर समांतर जोडलेलं, प्रत्येक घराची धारा वेगळी फुटते, आणि लांबच्या तारेत विभवांतर खर्ची पडतं म्हणून टोकाला दिवा मंद. दोन बल्बच्या ओळीत धारा बाहेर पडायला जागाच नाही. एका टोकाने जेवढी आत शिरते तेवढीच दुसऱ्या टोकाने बाहेर येते.

म्हणून पोराला 'चूक' म्हणू नका. 'पाणी कुठे बाहेर पडतं ते दाखव' म्हणा. ते बोट ठेवायला जागा शोधेल आणि सापडणार नाही.

केळीवाला_रावेर

हे समजलं. पण एक दुरुस्ती, आता प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर आलेत. ते लावले तर शेवटच्या झाडालाही तेवढंच पाणी पडतं. मी वर सांगितलं ते साध्या ड्रिपरचं आणि लांब नळीचं. नाहीतर कोणी माझा दाखला वर्गात देईल आणि एखादं पोरगं उठून म्हणेल, आमच्या शेतात तसं होत नाही.

भरीत_आणि_पुरी

आम्हना गावमा ड्रिपरबी नही नि लाईटबी नही. दोन्ही प्रश्न सुटनात. (हलके घ्या.)

वैशाली_नंदुरबार

मी बी.एड.च्या मुलांना शिकवते. इथे एक इशारा द्यायलाच हवा. बहुपर्यायी प्रश्नातला चुकीचा पर्यायही पोरांच्या डोक्यात राहतो. रोडिगर आणि मार्श यांनी २००५ मध्ये हेच तपासलं होतं. बहुपर्यायी चाचणी दिल्यावर नंतरच्या चाचणीत एकूण कामगिरी सुधारते, पण ज्यांनी आधी चुकीचा पर्याय निवडला त्यातले काही जण तोच पर्याय पुढे उत्तर म्हणून लिहितात. उत्तरानंतर लगेच बरोबर काय ते कळलं तर हा धोका बराच कमी होतो. म्हणजे पहिल्या सापशिडीत 'ब होतं' एवढं ऐकून फासा फेकणारा पोरगा कदाचित अधिक पक्की चूक घेऊन घरी गेला.

दुसरी गोष्ट उलट दिशेची आणि तुमच्या उपयोगाची आहे. बटरफील्ड आणि मेटकाफ यांचा २००१ चा अभ्यास सांगतो की ज्या चुकीबद्दल माणसाला पक्की खात्री होती, ती दुरुस्ती मिळाल्यावर उलट जास्त चांगली सुधारते. धक्का बसतो ना. त्यामुळे उत्तराच्या आधी पोरांना खात्री लावायला सांगा. एक चिंचोका म्हणजे अंदाज, तीन म्हणजे पैज.

पारोळा_परखड

बोर्डाच्या पेपरला ४० मार्क. त्यात चिंचोके मोजायला कॉलम नाही. आमच्या काळी एक फळा, एक छडी आणि दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या. निकाल शंभर टक्के.

अमळनेरचा_इंजिनिअर

परखडभाऊ, त्या शंभर टक्क्यांतला एक मी. आज घरात फ्यूज उडाला की वायरमनला फोन करतो.

निवृत्त_बाई_धुळे

चिंचोक्यांच्या पैजेबद्दल एक शंका. माझ्या अनुभवात मुलं तीन लावतात, मुली एकच, आणि उत्तर मुलीचं बरोबर असतं. सगळ्यांसमोर तीन लावायला जीगर लागते, ज्ञान नव्हे. पैज लावायचीच तर मुठीत, झाकून.

भुसावळ_जंक्शन

मुठीत लावा आणि चिठोऱ्याबरोबरच मूठ उघडा. हेही एकदमच.

पटाच्या मांडणीचं मी असं सुचवतो. मुख्य रस्ता २४ घरांचा. त्याला लागून आडवाटा, प्रत्येक मोठ्या गैरसमजुतीला एक. उत्तर बरोबर आलं की मुख्य रस्त्यावर तीन घरं पुढे. चुकलं की आडवाटेने, पण आडवाटही तीनच घरांची आणि ती पुढेच येऊन मिळते. म्हणजे चुकणारा मागे पडत नाही, फक्त वेगळ्या रस्त्याने येतो, आणि त्या तीन घरांत काम करावं लागतं. आडवाटेवर चिंचोके मिळत नाहीत, गमवावेही लागत नाहीत. मुद्दाम चुकण्यात कमाई उरली नाही, आणि चुकलं तर लाजही नाही.

तापीकाठ

हे पटलं. आता एका प्रश्नाच्या आडवाटा मांडून दाखवतो, बघा कुठे ठेचकाळतो ते.

प्रश्न वरचाच, चार पर्याय त्या चार ढिगांचे. कार्डामागे 'चूक/बरोबर' असं काही नाही. लिहिलंय: अ आणि ब म्हणणाऱ्यांनी पहिली आडवाट घ्या, ड म्हणणाऱ्यांनी दुसरी, क म्हणणाऱ्यांनी सरळ.

पहिल्या आडवाटेचं पहिलं घर: 'तुझं म्हणणं खरं धर. आता दोन्ही बल्बांची जागा अदलाबदल केली तर कोणता उजळ दिसेल? वहीत लिही.' दुसरं घर: प्रत्यक्ष बदलून बघ. तिसरं घर: नवा प्रश्न.

अर्धी-अर्धी वाटणाऱ्यांची आडवाट वेगळी हवी, कारण त्यांना उजेड दाखवून उपयोग नाही, उजेडाचं त्यांचं उत्तर बरोबरच आहे. त्यांना ॲमीटर: पहिल्या बल्बच्या आधी, दोघांच्या मध्ये, दुसऱ्याच्या नंतर. आधी तिन्ही ठिकाणचे आकडे अंदाजाने लिहायचे, मग बघायचे.

नवा प्रश्न दोन्ही वाटांना एकच ठेवला: 'य बल्ब होल्डरमधून काढून घेतला. क्ष चं काय होईल?' धारा क्ष ला आधी मिळते असं मानणारा म्हणणार, क्ष पेटलेलाच राहील. वाटून घेतात मानणारा म्हणणार, क्ष आणखी उजळेल. होतं काय, तर क्ष विझतो. बरोबर आहे ना?

निवृत्त_बाई_धुळे

झकास. हा शेवटचा प्रश्न मी चोरणार. जुन्या गणपतीच्या माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ जायची, त्याची आठवण करून द्या. हल्लीच्या पोरांनी तशी माळ बघितली नसेल तर घरून घेऊन या.

पण एक सूचना. नवा प्रश्न तोच ठेवून आकडे बदलू नका. पोरं पुन्हा अक्षर पाठ करतात. तुम्ही प्रसंगच बदललाय ते चांगलं केलंत.

अमळनेरचा_इंजिनिअर

पण मी सांगितलेलं वाक्य घेतलं असतं तर यातलं काहीच लागलं नसतं.

वैशाली_नंदुरबार

तुमचं वाक्य अर्धं बरोबर आहे, आणि अर्ध्यातच घोटाळा आहे. 'व्होल्टेज वापरलं जातं' म्हटलं की पोरं तीच जुनी समजूत नव्या शब्दाला चिकटवतात: मग पहिला बल्ब जास्त व्होल्टेज खाणार आणि दुसऱ्याला उरलंसुरलं. खर्च होते ती ऊर्जा, आणि सारख्या बल्बांत ती सारखीच होते. तीन सेलचे साडेचार व्होल्ट, प्रत्येक बल्बच्या टोकांमध्ये सव्वादोन. पोरांना व्होल्टमीटर आधी एका बल्बला, मग दुसऱ्याला लावू द्या. वाक्य पाठ करून घ्यायची गरज नाही.

अमळनेरचा_इंजिनिअर

मान्य. तरी माझं वाक्य 'करंट वापरला जातो' पेक्षा बरं आहे, एवढं तरी द्या.

वैशाली_नंदुरबार

दिलं. एक चिंचोका.

शहादा_पट्टा

माझ्याकडून एक सावधगिरीचा इशारा. मी असाच दोन बल्बांचा प्रयोग वर्गात केला. प्रौढी मिरवत म्हटलं, बघा, दोन्ही सारखे पेटणार. बटण दाबलं आणि पहिला बल्ब चक्क जास्त उजळ! वर्गात टाळ्या. 'सर, आम्ही म्हटलं होतं ना!' मी घामाघूम. त्यानंतर वर्षभर त्या वर्गात धारा वापरली जात होती.

निवृत्त_बाई_धुळे

बाजारातले दोन 'सारखे' बल्ब तंतोतंत सारखे नसतात. फिलामेंटच्या जाडीत-लांबीत थोडा फरक असतोच, म्हणून रोधात फरक, म्हणून उजेडात. तुमचा जास्त उजळ बल्ब योगायोगाने पहिल्या जागी बसला. तिथेच जागा अदलाबदल करायची होती. उजळ बल्ब दुसऱ्या जागी जाऊनही उजळच राहिला असता, आणि पोरांनाच दिसलं असतं की उजेड *जागेचा* नाही, *बल्बचा* आहे. ॲमीटरचंही तेच. दोन ॲमीटर एकाच वेळी लावू नका, दोघांच्या शून्यात फरक असला की पोरं म्हणणार धारा मध्येच कमी झाली. एकच ॲमीटर तिन्ही जागी फिरवा.

तापीकाठ

शहादाभाऊ, तुमची फजिती म्हणजे माझ्या पहिल्या आडवाटेचं सगळ्यात चांगलं कार्ड. मी मुद्दाम थोडे वेगळे बल्ब निवडतो. म्हणजे अ म्हणणाऱ्याला आधी वाटेल की तो जिंकला!

वैशाली_नंदुरबार

थांबा. चालेल, पण दुसरं घर त्यानंतर *लगेच* आलं पाहिजे. मध्ये तास संपला तर ते पोर चूक पक्की करून घरी जाईल, तेही पुराव्यासकट.

तापीकाठ

आठवडा गेला, प्रयोग झाला, अहवाल देतोय.

पट बनवला फ्लेक्सच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर. एका वाढदिवसाचा बॅनर उतरवलेला होता, शुभेच्छुकांचे फोटो खाली आणि आमचा रस्ता वर. प्रत्येक गटाला एक तुकडा, १२ गट, बहुतेक पाच-पाच जणांचे. चिंचोके पोरांनी घरून आणले.

पहिली अडचण बाजारातच. दुकानदाराने 'टॉर्चचे बल्ब' म्हणून एलईडी दिले. ते एका दिशेनेच पेटतात आणि एकसर जोडले तर तीन सेलवर कधी पेटतात, कधी नाही. शेवटी चोपड्याच्या एका जुन्या सायकलच्या दुकानात अडीच व्होल्टचे फिलामेंटचे बल्ब मिळाले, होते तेवढे सगळे उचलले.

दुसरी अडचण अशी की सगळ्या गटांना बल्ब-ॲमीटर पुरणार नव्हते, म्हणून पुढे एकच प्रयोगाचं टेबल ठेवलं. पहिल्याच प्रश्नाला जवळजवळ निम्मा वर्ग आडवाटेवर, आणि सगळे एकदम टेबलाकडे! आठवडी बाजार भरला. पुढच्या तुकडीत दोन बदल केले. निम्म्या गटांनी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करायची, निम्म्यांनी चौथ्यापासून. आणि ॲमीटरच्या वाटेला टेबल नाही, बंद पाकिटात काट्याचे तीन फोटो, आदल्या दिवशी मीच काढलेले. तिन्ही ठिकाणी काटा पाव ॲम्पिअरच्या किंचित पुढे. अंदाज वहीत लिहिल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही, आणि शेजाऱ्याने सही करायची.

ती सही सगळ्यात उपयोगी निघाली. नाहीतर पोरं पाकीट आधी उघडतात आणि अंदाज मागाहून बरोबर लिहितात.

एक प्रसंग सांगतो. एक पोरगा, बोलतो कमी, त्याने अ वर तीन चिंचोके लावले. टेबलावर आला, क्ष उजळ दिसला, हसला. मी म्हटलं, जागा बदल. त्याने बदलली. उजळ बल्ब आता पलीकडे. तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग सेल उलटे केले, तरी तोच बल्ब उजळ. मी काही बोललो नाही. जाताना म्हणाला, "सर, मग आमच्याकडे ठिबकला शेवटच्या झाडाला का कमी येतं?" मी म्हटलं, तिथे पाणी बाहेर पडतं का? "हो." आणि इथे? तो परत वायरीकडे बघायला लागला.

केळीवाला_रावेर

मना डोयामा पाणीच उनं भो. ठिबकचं नाही, खरं.

भुसावळ_जंक्शन

एक विचारतो. क म्हणणारे सरळ पुढे जातात. पण क निवडून कारण चुकीचं असलं तर? किंवा नुसता अंदाज?

तापीकाठ

हे सुटलं नाही. एक चिंचोका लावून क म्हणणाऱ्यालाही पाकीट बघायला लावावं का असा विचार आहे. पण मग सगळेच आडवाटेवर, आणि तास ३५ मिनिटांचाच.

निवृत्त_बाई_धुळे

एका तासात किती प्रश्न झाले?

तापीकाठ

पाच. सापशिडीत १८ व्हायचे.

पारोळा_परखड

म्हणजे धडा संपायला दिवाळी उजाडेल. मी हेच सांगत होतो.

निवृत्त_बाई_धुळे

परखड यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. सगळ्या धड्याला हा खेळ नको. आवर्तसारणीतली नावं किंवा संयुगांची सूत्रं पाठ करायला सापशिडीच बरी, तिथे चुकीला कारण नसतं, नुसतं विसरलेलं असतं. जिथे पोराच्या डोक्यात आधीच एक उत्तर बसलंय तिथेच आडवाट बांधायची. धाराविद्युतमध्ये मला अशा चारच जागा दिसतात. प्रकाशात भिंगाची प्रतिमा, अर्धं भिंग झाकलं की अर्धी प्रतिमा जाते असं सगळे म्हणतात, ती एक.

शहादा_पट्टा

अर्धं भिंग झाकलं की अर्धी प्रतिमा जात नाही?

निवृत्त_बाई_धुळे

वा. तुमचे तीन चिंचोके लावा आणि उद्या बहिर्वक्र भिंग घेऊन खिडकीची प्रतिमा भिंतीवर पाडून बघा. आधी अंदाज लिहा. सही शेजाऱ्याची.

शिरपूरची_आई

पट टाकणार होतात ना? सातवीला चालेल का? आणि चिंचोक्यांऐवजी दुसरं काही चालेल का, धाकटी गिळते.

तापीकाठ

ताई, बाटल्यांची झाकणं घ्या. पट रविवारी टाकतो. तोवर शहादाभाऊ, भिंगाचं कळवा.

शहादा_पट्टा

बघितलं. आख्खी खिडकी दिसते, फक्त अंधुक. मी दोन चिंचोके लावले होते, तीन लावायची हिंमत झाली नाही.